बीटाचा तक्ता आणि गणपतीची रजा

नवरा गणपतीच्या रजेवर गावी येऊन गेला आणि नंतर थोड्याच दिवसांनी बायकोच्या रक्तातला एक आकडा वर चढला, तर त्याचा अर्थ तुम्ही कुणाला विचाराल? डॉक्टरांना? सासूला? नवऱ्याला? की जिच्या दंडातून ते रक्त काढलं तिला?

आमच्याकडे तिला सगळ्यांत शेवटी विचारलं गेलं. खरं तर विचारलं गेलंच नाही. तिनं स्वतःच सांगितलं आणि ते सांगितल्याबद्दल तिला जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

ती म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घर रत्नागिरीत, गावातच. वडील कामगारांच्या सभा, मोर्चे यांत असायचे, त्यामुळे घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले ती ‘निषेध’ आणि ‘चलो’ या शब्दांवर. ताईला या सगळ्याचा कंटाळा होता. तिला भरतकाम आवडायचं, रेडिओ आवडायचा. तिचं लग्न सावर्ड्याहून आत असलेल्या एका गावात झालं. भावोजी मुंबईला एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला यायचे. बाकीचं वर्ष ताई आणि तिची सासू, भात आणि गुरं.

लग्नानंतर दीड वर्षानं तिला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात रक्त जायला लागलं. आईनं तिला माहेरी आणली. रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की पोटात मूल नाही. गर्भाऐवजी वार वेडीवाकडी वाढली आहे, पाण्याच्या फोडांसारखी, घोसानं. याला द्राक्षगर्भ म्हणतात. पिशवी साफ केली. ताईच्या सासरच्या गावात बातमी पोचली ती अशी की पत्रकवाल्याच्या पोरीच्या पोटातून द्राक्षं निघाली.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण द्राक्षगर्भ काढल्यावर त्याच्या काही पेशी मागं राहू शकतात आणि त्या कॅन्सरसारख्या वाढू शकतात. ते कळायला रक्तात एक तपासणी करतात, बीटा एचसीजी. गर्भार बाईच्या रक्तात जे द्रव्य असतं तेच हे. या पेशीही तेच द्रव्य तयार करतात. पिशवी साफ झाल्यावर आकडा आठवड्याआठवड्यानं खाली येत जायला हवा. ताईचा आला, भराभर आला, आणि सहा हजारांच्या आसपास येऊन अडून बसला. एकदा सहा हजार दोनशे, मग पाच हजार नऊशे, मग पुन्हा सहा हजारांच्या वर. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्यात धाडलं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांसमोर आईनं पिशवी उलटी केली. चिठ्ठ्या, पावत्या, रिपोर्ट, एक देवळातला अंगारासुद्धा पडला. डॉक्टर म्हणाले, “हे कागद आहेत की पिसलेले पत्ते? यातून मी काय वाचू?” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही शिकताय ना? एका कागदावर तक्ता करून आणा. डाव्या बाजूला तारीख. रिपोर्टवर छापलेली नाही आणि पोस्टमन आला ती तर नाहीच. रक्त काढलं ती तारीख. मधे आकडा आणि कुठल्या लॅबचा ते. उजवीकडे त्या दिवसांत काय झालं ते सगळं. इंजेक्शन, ताप, उलटी, पाळी, चुकलेला डोस. नुसत्या आकड्यावर मी औषध ठरवत नाही.”

मी बाहेरच्या बाकड्यावर बसून तो तक्ता केला. कागद म्हणून जवळ वडिलांच्या एका सभेचं पत्रक होतं, एका बाजूनं कोरं. त्याच्या पाठीवर रेघा मारल्या. आकडे रक्त काढल्याच्या तारखांनी ओळीत लावल्यावर ते अडून बसणं मलाही दिसलं. वर उभा कडा आणि खाली कातळाचा सपाट सडा. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, “आता कळतंय. हिला औषध लागणार.” मग ताईकडे बघून म्हणाले, “घाबरायचं कारण आहे, पण फार नाही. हा कॅन्सर औषधाला ऐकतो.”

मेथोट्रेक्झेटची इंजेक्शनं सुरू झाली. पहिला कोर्स मुंबईत, पुढचे रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंकडे, मुंबईच्या चिठ्ठीवर. एक दिवस औषध, दुसऱ्या दिवशी त्याचा जहरीपणा उतरवणारं दुसरं इंजेक्शन, असं आठ दिवस. मग विश्रांती, रक्तातल्या पेशी पुरेशा आहेत ना ते बघायचं, आणि पुन्हा. ताईचं तोंड आलं. पेजसुद्धा झोंबायची. ती उजव्या रकान्यात लिहायला सांगायची, “लिही, तोंड आलं. लिही, आईवर ओरडले.” मी म्हणायचे, हे दुसरं कशाला? ती म्हणायची, “त्या डॉक्टरांनी सगळं लिही म्हणून सांगितलंय.”

बीटाची तपासणी तेव्हा रत्नागिरीत होत नव्हती. गावातल्या लॅबवाल्यांनी रक्त काढायचं, त्यातला पिवळा द्रव वेगळा करून बाटलीत भरायचा, बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये आणि थर्मास मुंबईच्या एस्टीत, कंडक्टरच्या हवाली. पलीकडे भावोजी किंवा त्यांच्या खोलीतलं कुणीतरी स्टँडवर उभं. थर्मास घेऊन ते लॅबमध्ये द्यायचे. लॅब नेहमी तीच. एकदा तिथलं सामान संपलेलं होतं म्हणून बाटली दुसरीकडे गेली. मी त्या ओळीपुढे फुली मारून ठेवली. पुढच्या भेटीत डॉक्टर त्या फुलीवर बोट ठेवून म्हणाले, “बरं केलंत. दोन लॅबची मापं सारखी नसतात. या ओळीवरून मी चढ-उतार ठरवणार नाही.”

आकडा उतरला. दोन हजार, चारशे, साठ, नऊ, आणि मग ‘पाचपेक्षा कमी’. म्हणजे नॉर्मल. त्यावरही डॉक्टरांनी दोन कोर्स जास्तीचे दिले. नंतर दर महिन्याला रक्त. शेवटच्या भेटीत भावोजीही होते. डॉक्टर दोघांना म्हणाले, “वर्षभर दिवस राहता कामा नयेत. दिवस राहिले की हाच आकडा वर जातो. मग रोग परत उठला तरी आम्हाला दिसणार नाही. कळलं?” भावोजींनी मान हलवली. ताईनं डॉक्टरांना विचारलं, “हे तक्त्यावर लिहून द्याल?” त्यांनी लिहून दिलं.

श्रावणात ताईची सासू रत्नागिरीला आली. उंच, काटक बाई. लेकाला एकटीनं वाढवलेला, कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या वर्षी गौरीला ताईचा पहिला ओवसा होता. लग्नानंतरचा पहिला ओवसा म्हणजे नव्या सुनेनं सजवलेली सुपं गौरीपुढे ओवाळायची आणि मग घराघरांत, थोरामोठ्यांना ती द्यायची. आमच्या कोकणात तो चुकवून चालत नाही आणि दर वर्षी त्याचा योगही येत नाही. आधीच्या वर्षांत तो योग आला नव्हता. मावशी म्हणाल्या, “आता बीटा का फिटा खाली आला ना? मग माजी सून मला द्या.”

आई म्हणाली, “न्या की. पण वर्षभर दिवस राहता कामा नयेत असं डॉक्टर म्हणालेत.”

“वरीस? डॉक्टराक् काय जाताय बोलायला! वाडीतल्या बायका मला काय ईचारतात ते त्येका ऐकव एकदा.”

ताई माजघरातून सासूला म्हणाली, “आई, मी येते. सुपं ओवाळीन, पाया पडेन, उकडीचे मोदक करीन. पण तक्ता बरोबर आणणार.”

“आण. गौरीच्या फुडं ठेव,” मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून चहा प्यायला बसल्या.

ताई गेली. भावोजी दहा दिवसांची रजा घेऊन आले. ओवसा झाला. गणपती गेले, भावोजी गेले आणि ताई महिन्याच्या रक्तासाठी आमच्याकडे आली. सुपातली उरलेली फळं घेऊन आली होती, खुशीत होती. पाळी चार-पाच दिवस लांबली आहे हे तिनं सहज सांगितलं आणि मी ते उजव्या रकान्यात लिहिलं.

रिपोर्ट आला तो एकतीस.

पाचपेक्षा कमी, पाचपेक्षा कमी, पाचपेक्षा कमी आणि त्याखाली एकतीस. तक्ता घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या वाईट नव्हत्या. ताईची इंजेक्शनं त्यांनी स्वतःच्या हातानं दिली होती. पण तक्ता बघून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “सांगितलं होतं ना वर्षभर थांबा म्हणून?”

“मी थांबले आहे,” ताई म्हणाली.

“मिस्टर येऊन गेले ना गणपतीला?”

“आले होते.”

“मग?”

“मग काही नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “अगं, माझ्याकडे येऊन सगळ्या हेच सांगतात. दर वर्षी गणपतीनंतर माझा दवाखाना भरतो. लाजायचं काय त्यात?” त्यांनी लघवीची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. त्या म्हणाल्या, “एवढ्या लहान आकड्याला ही येतच नाही. आणि उद्या आली तरी ती हेच द्रव्य मोजते. गर्भ आहे की जुना रोग, ते ती सांगणार नाही. दीड महिन्यानं ये. गर्भ असेल तर तोवर हाताला कळेल.”

मी म्हणाले, “आणि गर्भ नसेल तर दीड महिना फुकट जाईल.”

“तू पत्रक काढ त्याचं,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तोवर मुंबईत वेगळंच घडलं होतं. रिपोर्ट लॅबमधून भावोजींनीच आणून पोस्टात टाकला होता. टाकण्याआधी त्यांनी तो ऑफिसातल्या एका माहीतगाराला दाखवला. त्यानं वरचं नाव वाचून सांगितलं, अरे, ही तर गरोदरपणाची टेस्ट, अभिनंदन! भावोजी गावकीच्या खोलीत राहायचे. एका गावचे पंधरा-वीस पुरुष एका खोलीत, पाळीपाळीनं झोपणारे. तिथं ही बातमी अर्ध्या तासात पोचली. त्यांच्याकडून पेढे उकळले गेले. खोलीतल्या कुणीतरी गावी पत्र टाकलं. आणि एका सकाळी मावशी नारळ, साखर आणि लुगडं घेऊन आमच्या दारात.

त्यांनी ताईच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “बाय माजी! म्हटलं होतं ना, गौर पावेल म्हणून!”

ताईनं त्यांचा हात धरला आणि खाली घेतला. “आई, दिवस राहिलेले नाहीत.”

“गप गो. मला लेकाच्या खोलीवरचा पत्र आलाय.”

“त्यांना माहीत आहे. आमच्यात काही झालेलं नाही. तुम्ही मला माजघरात तुमच्याजवळ निजवलं होतंत. ते पडवीत होते.”

मावशींचा चेहरा हळूहळू बदलला. आई फडक्यानं हात पुसत चुलीपाशी उभी राहिली. मावशींनी आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि मग अगदी बारीक आवाजात विचारलं, “मग कुणाचा?”

या दोन शब्दांसाठी मी हे लिहायला बसले आहे. एकतीस हा आकडा रोगाचा असू शकतो हे त्यांना सुचलं नाही. सुचली ती दोनच माणसं. एक नवरा, आणि नवरा नसेल तर दुसरा कुणीतरी. बाईच्या रक्तात काही वाढलं तर त्याला कुणीतरी पुरुष जबाबदार असलाच पाहिजे. डॉक्टरीणबाई शिकलेल्या होत्या, मावशींना अक्षरओळख नव्हती. चूक दोघींची एकच होती.

मी तोंड उघडणार होते. ताईनं मला हातानं थांबवलं. “कुणाचाच नाही,” ती म्हणाली. “रोगाचा आहे. आणि तुम्ही जे विचारलंत ते पुन्हा विचारू नका. विचारायचंच असेल तर तुमच्या लेकाला विचारा.”

मग तिनं माझ्याकडून तक्ता मागून घेतला. गणपतीच्या तारखांसमोर मी ‘सासरी. पाळी लांबली’ एवढंच लिहिलं होतं. त्याखाली तिनं स्वतःच्या गोल, भरतकामासारख्या अक्षरात लिहिलं: ‘नवरा दहा दिवस घरी. संबंध आला नाही.’ पुढे सही केली.

“काय लिवलंस?” मावशींनी विचारलं. ताईनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

“शिरा पडो! असला कागदावर लिवतत? डॉक्टर वाचतील, मुंबयचे पुरुष वाचतील!”

“आई, माझी पाळी त्यात लिहिलेली आहे. मी ओकले ते लिहिलंय. पिशवी साफ केली ते लिहिलंय. तेव्हा कुणाला लाज वाटली नाही. हेच तेवढं नको होय?”

माझी आई चुलीपाशी होती ती पुढे आली. मला वाटलं ती ताईला गप्प करणार. ती म्हणाली, “विहीणबाई, बसा. चहा ठेवते. आणि साखर आणलीय ती त्यातच घालते.”

दीड महिना थांबायचं नाही हे ताईनं ठरवलं. एकतीसचं रक्त काढल्याला आठवडा होताच तिनं पुन्हा रक्त दिलं, त्याच लॅबला. अठ्ठावन्न. आणखी आठवड्यानं एकशे चार. तीन ओळी तक्त्यात एकाखाली एक लागल्यावर आम्ही मुंबईची गाडी धरली. मावशी आमच्याबरोबर आल्या. “मला खरं काय ता ऐकायचा हाय,” एवढंच म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. खेडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा खाली उतरून ताईसाठी केळी घेऊन आल्या आणि तिच्या मांडीवर ठेवली.

दवाखान्यात भावोजी आले होते. त्यांनी ताईकडे बघितलं, स्वतःच्या आईकडे बघितलं आणि नंतर भिंतीकडेच बघत राहिले.

आत आधी एक शिकाऊ डॉक्टर होता. त्यानं शेवटचा रिपोर्ट उचलला आणि ताईच्या डोक्यावरून भावोजींना विचारलं, “पेशंट प्रेग्नंट आहे का?” भावोजी भिंतीला टेकले. खोलीतल्या पंधरा-वीस जणांनी त्यांचे पेढे खाल्लेले. आता नाही म्हणायचं तर त्या सगळ्यांना काय सांगायचं? आणि त्यांची आई शेजारी उभी. हो म्हणावं तर ताई समोर बसलेली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. ते उभ्याउभ्याच तक्ता वाचायला लागले. वेगळ्या अक्षरातल्या ओळीपाशी थांबले.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” ताई म्हणाली.

डॉक्टरांनी भावोजींकडे मान वळवली. ताई लगेच म्हणाली, “त्यांना नंतर विचारा. आधी मला सांगा, मी लिहिलंय ते तुम्हाला पुरतं की नाही? नवऱ्यानं हो म्हटल्याशिवाय ते खरं धरणार नसाल तर मला आत्ताच सांगा. मग ती ओळ मी खोडून टाकते.”

तिला एवढं मोठ्यानं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. शिकाऊ डॉक्टर जमिनीकडे बघायला लागला. मोठे डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

“पुरतं,” ते म्हणाले. “का पुरतं तेही सांगतो. नीट वाढणारा गर्भ असता तर हा आकडा दोन-तीन दिवसांत दुप्पट झाला असता. दोन आठवड्यांत एकशे चारवर नाही, हजारांवर गेला असता. तुमचा आठवड्याला जेमतेम दुप्पट होतोय. पण असा रेंगाळत चढणारा आकडा बिघडलेल्या गर्भाचाही असतो, नळीत अडकलेल्या गर्भाचाही असतो. तुमची ही ओळ नसती तर मला आधी त्याच्यामागे जावं लागलं असतं. दिवस गेले असते. कदाचित पोट उघडलं असतं. सोनोग्राफी मी तरीही करणार, तुम्ही खोटं बोलता म्हणून नाही. औषध जहाल आहे, म्हणून.”

“करा,” ताई म्हणाली.

तेव्हा भावोजी भिंतीला सोडून पुढे आले. “खरं आहे, साहेब. मी पडवीत निजत होतो. ही म्हणाली होती, वर्ष होऊ दे. मी शब्द दिला होता.”

मावशी गर्रकन वळल्या. “पडवीत? मेल्या, तू मला म्हणालास आत उकडताय म्हणून!”

“मग काय सांगू आये तुला?”

“आणि पेढे? ते कशाला वाटलंस रे?”

“मी नाय वाटले. त्यांनी खाल्ले.”

शिकाऊ डॉक्टर खोकल्यासारखं करून बाहेर गेला. मोठे डॉक्टर हसले नाहीत, पण तक्त्यात बघत बराच वेळ काही लिहीत राहिले.

सोनोग्राफीत पिशवी रिकामी होती. नळ्यांपाशी काही नाही. छातीचा फोटो स्वच्छ. मागं राहिलेल्या पेशी परत उठल्या होत्या, पण अजून थोड्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “लवकर आलात. पहिलं औषध आता पुरायचं नाही. दुसरं देतो.”

ते दुसरं औषध म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसिन. पाच दिवस शिरेतून, मग मधे खंड, मग पुन्हा. शिरेबाहेर एक थेंब गेला तर कातडी जळते, म्हणून सिस्टर ताईचा हात धरून बसायच्या. गावकीची खोली पुरुषांची, तिथं राहता येईना. भावोजींच्या एका सोबत्याच्या बायकोनं आम्हा दोघींना स्वयंपाकघरात जागा दिली. ताईचे केस गेले. मावशींनी गावाहून पार्सलनं काळी रेशमी ओढणी पाठवली आणि बरोबर निरोप, “हिच्याखाली टक्कल दिसत नाय.” माफी त्यांनी मागितली नाही. ताईनंही मागायला लावली नाही. मी असते तर लावली असती, आणि यावरून आम्हा बहिणींचं आजही भांडण होतं. ती म्हणते, “तुला सगळ्यांकडून निषेधाचा ठराव पास करून हवा असतो.” मी म्हणते, हो, हवा असतो.

आकडा खाली आला. चाळीस, अकरा, पाचपेक्षा कमी. त्यानंतर किती महिने पाचपेक्षा कमी लिहिलं ते मी मोजत नाही. पत्रकांच्या पाठी संपल्या आणि आम्ही वही आणली. डॉक्टरीणबाईंकडे आम्ही अजून जातो, रक्त त्यांच्याच चिठ्ठीवर निघतं. पहिल्यांदा तक्ता घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती ओळ वाचली, मुंबईची चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, “मला वाटलं होतं—” ताई म्हणाली, “हो. मला ऐकू आलं होतं.” त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि रक्त काढायला लॅबवाल्यांकडे पाठवलं.

आता वर्षाची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजून पुरी झाली आहे. डॉक्टरांनी मुलाला परवानगी दिली आहे. मूल हवं की नको, कधी हवं, ते ताई आणि भावोजी बघून घेतील. मावशी मला विचारतात, “काय गो, तिचा काय इचार?” मी त्यांना सांगते, तिलाच विचारा. त्या विचारत नाहीत. ओवसा झालेल्या सुनेला मूल हवं का असं कोण विचारणार, म्हणतात. हे लिहून त्यांच्यात काही बदल होईल असं मला वाटत नाही.

तुमच्यात होऊ शकेल. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणा बाईची अशी महिन्यामहिन्याची तपासणी चालू असेल तर येत्या खेपेला तिच्याबरोबर जा. तिचे आकडे रक्त काढल्याच्या तारखांनी एका कागदावर उतरवा, लॅब लिहा, औषध लिहा, आणि बाजूचा रकाना तिला भरू द्या. तिला लिहिता येत नसेल तर ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहा, गाळू नका. आणि डॉक्टर तिच्या डोक्यावरून तुम्हाला प्रश्न विचारतील, विचारतीलच, तेव्हा मेहेरबानी करून गप्प बसा. तिच्याकडे बघा आणि ती बोलेपर्यंत थांबा.